वहीत २३, फळीवर १९

काका, नमस्कार. चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलचं लहान दुकान आहे. ऐंशी-पंच्याऐंशी प्रकारचा माल, रोज पंचवीस-तीस बिलं, तीही हातानं बिलबुकात. जीएसटी कंपोझिशनमध्ये आहोत. दुकानात मी बसते. जादा माल घरी वरच्या खोलीत असतो, तिथून हे देतात. मुलानं एक्सेलमध्ये यादी करून दिली. मालाचं नाव आणि पुढं शिल्लक, विकलं की आकडा बदलायचा. तीच फाइल व्हॉट्सॲपनं ह्यांच्या फोनवरही टाकली. पण काहीच जुळत नाही बघा. लाल मोठी जेकार्ड चादर सोमवारी दोघांच्या यादीत २९ होती. शनिवारी माझ्या यादीत २३, ह्यांच्या यादीत २५, आणि दोन्हीकडच्या मिळून मोजल्या तर १९! नॅपकिन यादीत ४१, हातात ९६. पांढरा टॉवेल यादीत ३८, हातात ५०. भाचा म्हणतो एक्सेल सोडा, ॲप घ्या. सासूबाई म्हणतात वही काय वाईट होती, आणि त्या अजून आपल्या वहीत लिहितातच. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या गर्दीआधी काय ते ठरवायचं आहे. घरच्या किराण्याचीही अशी यादी करावी का, तेही सांगा.
— एक दुकानदारीण, सोलापूर

ताई,

आधी तुमचे तीन आकडे उलगडू, कारण निकाल त्यांच्यातच आहे.

लाल जेकार्ड घ्या. सोमवारी २९. तुमची यादी २३ म्हणते, म्हणजे तुमच्या हातून ६ गेल्या. ह्यांची यादी २५ म्हणते, म्हणजे त्यांच्या हातून ४ गेल्या. २९ मधून ६ आणि ४ वजा करा, १९ उरतात. फळीवर नेमक्या १९ आहेत. चोरी नाही, विसर नाही, दोघांचीही नोंद अगदी बरोबर आहे. फक्त तुम्ही दोघं एकाच मालाच्या दोन वेगळ्या वह्या लिहीत होता. व्हॉट्सॲपनं फाइल पाठवली की तिची दुसरी प्रत होते. त्या दिवसापासून दोन्ही प्रती आपापल्या वाटेनं जातात आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो.

नॅपकिनचा फरक ९६ वजा ४१, म्हणजे ५५. मी हिशेब लिहायला शिकलो ते एका यंत्रमाग कारखान्याच्या पेढीवर. तिथले जुने दिवाणजी फरक दिसला की आधी त्याला भागून बघायचे. फरकाला ९ नं भाग गेला तर आकडे उलटे पडले असण्याचा संशय, जसं ५४ च्या जागी ४५. आणि डझनावर येणाऱ्या मालात फरकाला ११ नं भाग गेला तर डझनाचे नग करायचे राहिले असण्याचा संशय. कसं ते बघा. ५ डझन आले म्हणजे ६० नग. कुणी तरी घाईत नुसते ५ मिळवले. ६० वजा ५, राहिले ५५. नॅपकिनचं शेवटचं खरेदी बिल काढा, त्यावर बहुधा ५ डझन लिहिलेलं सापडेल.

पांढऱ्या टॉवेलचा फरक १२. फरक सम आला की त्याचा निम्मा करून बघावा. निम्मे ६. कुणी तरी ६ टॉवेल परत आणले असतील (लग्नाच्या आहेरात टॉवेल-टोपीचे नग उरतात आणि ते हमखास परत येतात) आणि तुम्ही सवयीनं वजा केले असतील. ४४ चे ५० व्हायला हवे होते, झाले ३८. चुकीच्या दिशेला गेलेला आकडा फरक नेहमी दुप्पट करतो.

हे तिन्ही माझे अंदाज आहेत, पुरावा नाही. आणि खरी अडचण तीच आहे. तुमच्या यादीत पुरावा उरतच नाही. २९ खोडून २३ लिहिले की २९ गेले, कधी गेले, कुणी बदलले, विक्री होती की परत आलेला माल, काही राहत नाही. सासूबाईंची वही बरी वाटते ती ह्याचसाठी. त्या वहीत खोडत नाहीत, खाली पुढची ओळ लिहितात. जुन्या भाषेत सांगायचं तर मुलानं तुम्हाला खतावणी करून दिली आणि रोजकीर्द द्यायची राहिली. रोजकीर्द म्हणजे घडलं तसं, तारखेनुसार, एकाखाली एक. खतावणी त्यातून निघते. रोजकीर्दीवाचून खतावणी हातानं बदलत राहायची म्हणजे पावतीबिगर पैसे मोजण्यासारखं आहे.

आता भाच्याचं ॲप. त्याच्या पोटातही रोजकीर्दच असते. बिल केलं की एक ओळ पडते, खरेदी चढवली की एक ओळ पडते, आणि शिल्लक त्या ओळींची बेरीज करून दाखवली जाते. म्हणून ॲप हुशार वाटतं. तेवढी हुशारी शीटमध्येही आणता येते, आणि ती आणायला एक संध्याकाळ पुरते. मुलाला पुढचं वाचायला द्या.

एक्सेलची फाइल पाठवापाठवी बंद करायची. गूगल शीटमध्ये एकच फाइल करायची आणि ह्यांच्या खात्याला ती बदलायची परवानगी द्यायची. मग फोनवर आणि दुकानात एकच वही दिसते. तिच्यात दोन पानं. पहिल्याचं नाव `नोंदी`, त्यात पाच रकाने: तारीख, माल, नग, कारण, कोणी. माल आला की नग अधिक, गेला की उणे. तुम्ही सहा चादरी विकल्या तर `-6`, ह्यांनी चार दिल्या तर `-4`, दोन वेगळ्या ओळी. कोण आधी लिहितो ह्याला महत्त्व नाही, बेरीज तीच येते. कारणाच्या रकान्यात विक्री, खरेदी, परत, खराब, मोजणी, एवढे पाच शब्द पुरतात. वरच्या खोलीतून दुकानात आणलेला माल मात्र लिहायचा नाही. तो घरातल्या घरात हलला, ना आवक ना जावक.

दुसरं पान `शिल्लक`. पहिल्या रकान्यात मालाची नावं, दुसऱ्या ओळीपासून खाली. शेजारच्या `B2` मध्ये हे सूत्र, आणि ते खालपर्यंत ओढायचं:

```
=SUMIFS('नोंदी'!C:C,'नोंदी'!B:B,A2)
```

ह्याचा अर्थ एवढाच की नोंदींमध्ये जिथं जिथं ह्या मालाचं नाव आहे तिथल्या नगांची बेरीज कर. ह्या पानावर पुन्हा कुणी हात लावायचा नाही. मुलाला सांगून पान कुलूपबंद करून घ्या, `Data` मध्ये `Protect sheets and ranges` म्हणून सोय आहे.

ह्या पद्धतीला एकच खोड आहे आणि ती आपल्या मराठी लिहिण्यातून येते. तुम्ही "पांढरा टॉवेल" लिहिता, हे "टॉवेल पांढरा" लिहितात, मुलगा "पांढरा टावेल". सूत्राला हे तीन वेगळे माल. नावामागे एक मोकळी जागा चुकून पडली तरी शीट ते नाव ओळखत नाही आणि ती ओळ बेरजेत येत नाही. चूक झाल्याची सूचनाही देत नाही, गुपचूप सोडून देते. त्यामुळे मालाच्या रकान्यात कुणी टंकायचंच नाही, `Data validation` नं यादी लावून तिच्यातून निवडायचं. यादी `शिल्लक` पानाच्या पहिल्या रकान्यावरून घ्यायची आणि यादीबाहेरचं नाव नाकारायचं, अशी खूण तिथंच करता येते. तरी दुसऱ्या ठिकाणाहून चिकटवलेलं नाव कधी कधी आत शिरतं. म्हणून `शिल्लक` पानाच्या कोपऱ्यात एक पहारेकरी ठेवा:

```
=SUM('नोंदी'!C:C)-SUM(B2:B200)
```

इथं कायम शून्य दिसायला हवं. शून्य सोडून काही दिसलं की कुठली तरी ओळ अनोळखी नावाखाली पडली आहे, आणि दिसणारा आकडा म्हणजे त्या ओळीतले नग. `-6` दिसलं तर सहा नगांची एखादी विक्री शोधायची. उत्तर शोधायला दोन मिनिटं लागतात, तेही त्याच दिवशी.

दुसरी खूण म्हणजे उणे शिल्लक. फळीवर उणे तीन चादरी असू शकत नाहीत. शीटवर तसं दिसलं तर आवक लिहायची राहिली किंवा विक्री दुसऱ्याच चादरीच्या नावावर पडली. मोठी लाल आणि मोठी मरून ह्यांची अदलाबदल फार होते, तेव्हा एकीचे उणे तीन आणि दुसरीचे तीन जास्त असे जोडीनं सापडतात. फरक मिटवायला मात्र जुनी ओळ खोडू नका. "मोजणी" असं कारण देऊन नवी ओळ घाला. पुढं कधी तरी कळतं की दर महिन्याला मोजणीचा फरक एकाच मालात येतो, आणि मग त्या मालाकडे लक्ष द्यायचं की त्याच्या फळीकडे, ते ठरवता येतं.

मोजणीचं एक सांगतो, कारण तिच्यावाचून शीटही खोटी आणि ॲपही खोटं. पंच्याऐंशी माल एका रविवारी मोजायला बसलात की दुपारपर्यंत कंटाळा येतो आणि शेवटचे वीस माल अंदाजानं लिहिले जातात. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तीन-चार माल मोजा, महिन्याभरात फेरा पूर्ण होतो. मोजणाऱ्यानं शीट बघायची नाही. आकडा आधी माहीत असला की मन तोच आकडा मोजतं, अठरा आल्या तरी "एकोणीस असतील" म्हणून पुढं जातं. नग कागदावर लिहा, मग शीट उघडा.

आता खरा प्रश्न, शीट की ॲप. लोक मालाचे प्रकार मोजून ठरवतात. पन्नास असतील तर शीट, पाचशे असतील तर ॲप. मला ते पटत नाही. शीटला पाचशे ओळींचं ओझं वाटत नाही. ओझं होतं ते लिहिणाऱ्याला. म्हणून मी विचारतो की दिवसातून माल किती वेळा हलतो, आणि ते दुसऱ्यांदा लिहावं लागतं का.

तुमच्या रोजच्या तीस बिलांत सरासरी दोन माल धरले तर साठ ओळी. एका ओळीला वीस सेकंद, म्हणजे रात्री वीस मिनिटं. होण्यासारखं आहे. गड्ड्याच्या दिवसांत शंभर बिलं झाली तर दोनशे ओळी, तासाहून जास्त. संक्रांतीच्या रात्री होम मैदानाकडची गर्दी ओसरल्यावर, पाय दुखत असताना, दोनशे ओळी कुणी लिहिणार नाही. उद्या लिहू म्हणाल आणि उद्याही तेवढीच बिलं. शीट अशी मरते. तिचं गणित कधी चुकत नाही, तिला लिहिणारं माणूस थकतं.

ॲपचा खरा फायदा इथं आहे आणि बहुतेक जण तो चुकवतात. ॲपमध्ये बिल केलं तर माल आपोआप वजा होतो, वेगळं लिहावं लागत नाही. पण बिल हातानं बिलबुकात आणि रात्री ॲपमध्ये नोंद, असं करणार असाल तर तेच दुप्पट लिहिणं, वर वर्षाचे पैसे. ॲप घेणं म्हणजे गिऱ्हाइकासमोर, गल्ल्यावर, प्रत्येक बिल फोनवर किंवा संगणकावर करायला तयार होणं. तुमच्या मालावर बारकोड नसणार, यंत्रमागावरून आलेल्या बऱ्याच चादरींवर नसतो. म्हणजे पंच्याऐंशी नावांतून शोधून निवडायचं, नाहीतर स्वतः चिकटपट्ट्या छापून लावायच्या. नांदणीहून आलेली दहा माणसं लग्नाच्या खरेदीला उभी आहेत, एक जण रंग बदलतोय, एक जण भाव करतोय, अशा वेळी बिलबुकाची सहा सेकंदांची ओळ आणि फोनवरची वीस सेकंदांची निवड ह्यात फरक पडतो.

म्हणून आज तुम्हाला माझं सांगणं शीट. आणि गर्दीच्या दिवसांसाठी एक जुनी युक्ती. गल्ल्यावर एक कागद ठेवा, डावीकडं मालाची छापील नावं. नग गेला की त्या नावासमोर एक रेघ, पाचवी आडवी. परत आला तर वेगळ्या रकान्यात. रात्री शीटमध्ये प्रत्येक मालाची दिवसाची एकच ओळ चढवायची. शंभर बिलं झाली तरी दिवसात हलणारे माल तुमच्याकडे पंचवीस-तीसच असतील, म्हणजे तीस ओळी, दहा मिनिटं. कुणाला काय विकलं ते बिलबुकात आहेच, शीटला फक्त नग हवेत. वरच्या खोलीतही असाच एक कागद, दाराला टांगलेला, पेन दोरीनं बांधून. पेन बांधायला हसू नका, नोंद राहून जाण्याचं अर्ध कारण हाताशी पेन नसणं हेच असतं.

तुमच्या कंपोझिशनचाही ह्यात वाटा आहे. तुम्हाला बिलावर कराची फोड दाखवायची नसते, म्हणून हातानं बिल करणं सोपं जातं. नियमित करदात्याला जीएसटीच्या नियम ५६ नुसार मालाची आवक, जावक आणि शिल्लक ह्यांचा हिशेब ठेवावाच लागतो, कंपोझिशनवाल्याला त्या नोंदींची सक्ती नाही. पण ही स्थिती बदलू शकते, आणि सोलापूरला तर लवकरच. कलबुर्गीचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येऊन चादर घेऊन गेलं आणि बिलावर त्याचा तिकडचा पत्ता लिहिला नसेल तर ती महाराष्ट्रातलीच विक्री. त्याच गिऱ्हाइकानं फोनवर मागणी दिली आणि तुम्ही पार्सल करून कलबुर्गीला पाठवलीत तर ती आंतरराज्य विक्री झाली, आणि कंपोझिशनमध्ये राहून ती करता येत नाही. मुलगा उद्या ऑनलाइन विकू म्हणाला की हाच मुद्दा आधी पुढं येईल. ज्या दिवशी नियमित करात जाल त्या दिवशी बिलावर कराची फोड, मालाचा हिशेब आणि सल्लागाराला महिन्याचे आकडे, हे सगळं एकाच बिलातून निघालेलं बरं. तेव्हा ॲप घ्या, बिनदिक्कत घ्या, आणि बिलबुक त्याच दिवशी बंद करा. दोन्ही चालू ठेवलीत की पुन्हा दोन वह्या आणि पुन्हा २३ आणि २५.

त्याआधीच ॲप घ्यायचं ठरलं तर एक जपा. बरीच ॲपं सुरुवातीलाच नियमित कराचं बिल काढायला बसवलेली असतात. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. तुमच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीच्या ओळी छापून गेल्या तर गिऱ्हाईक विचारेलच, आणि अधिकारीही विचारेल. पहिलं बिल छापायच्या आधी हे बदलून घ्या.

भाच्यानं सुचवलेलं ॲप चांगलं की वाईट ते मी सांगणार नाही, पण पैसे भरायच्या आधी घरी बसून एक परीक्षा घ्या. नॅपकिनचा एकच माल घाला. २ डझनांची खरेदी चढवा, शिल्लक २४ दिसली पाहिजे. २ दिसली तर ॲपला डझन आणि नग ह्यांचं नातं शिकवावं लागेल, आणि ती सोय नसेल तर तुमच्या कामाचं नाही. मग ५ नगांचं बिल करा, १९. त्यातला १ परत घ्या, २०. ३ नगांचं दुसरं बिल करा, १७, आणि ते रद्द करा. पुन्हा २० झाले पाहिजेत. कुठं तरी बिल पुसलं जातं पण माल परत येत नाही, तसं असेल तर वर्षभरात तुमची शिल्लक हवेत असेल. ह्यानंतर फोनचं इंटरनेट बंद करून एक बिल करून बघा.

आणि शेवटी सगळा माल आणि सगळ्या हालचाली एक्सेलमध्ये बाहेर काढून बघा. ह्याचं कारण माझ्या नात्यातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात घडलं. तीन वर्षं एका ॲपवर सुरळीत चाललं होतं. वर्गणी संपली, त्यांना दुसरीकडं जायचं होतं. ॲप उघडत होतं, जुनी बिलं दिसत होती, पण यादी बाहेर काढायची कळ वर्गणी भरल्याशिवाय चालेना. नवी वर्गणी भरली, तेव्हा निघाली ती छापायची पानं, ज्यांच्यातून आकडे उचलता येत नव्हते. आम्ही चार संध्याकाळी बसून पाचशे माल पुन्हा टंकले. त्यातली दोन संध्याकाळ मी होतो, म्हणून एवढ्या पोटतिडकीनं लिहितोय. शीटमध्ये मात्र हा प्रश्न नसतो, तुमचा माल तुमच्या ओळींत असतो, आणि पुढं ॲपला गेलात तरी तीच यादी बहुधा आत घालता येते. नेताना जुन्या नोंदी नेऊ नका. एक रात्र दुकान बंद करून सगळं मोजा आणि त्या रात्रीचे नग सुरुवातीची शिल्लक म्हणून द्या.

शीटचंही तेच. येत्या बंदच्या दिवशी एकदाच सगळं मोजावं लागेल. वरची खोली आणि दुकान मिळून प्रत्येक मालाची एक ओळ, कारण "मोजणी", आणि नग कायम नगांतच, डझनात नाही, गठ्ठ्यात नाही. लाल जेकार्ड १९, नॅपकिन ९६, पांढरा टॉवेल ५०, अशा पहिल्या तीन ओळी तर तुमच्याकडे तयारच आहेत. डिसेंबर संपेपर्यंत रोजची मोजणी करत राहा. बहुतेक सकाळी फरक शून्य किंवा एक-दोन नगांचा येत असेल तर गड्ड्याला शीटच ठेवा. रोज मोठे फरक येत असतील आणि ते रात्री लिहायचं राहून गेल्यामुळे असतील, तर मग भाच्याचं खरं आहे, तुमचं दुकान रात्रीच्या लिखाणापलीकडं गेलंय. पण मग नवं ॲप जानेवारीच्या गर्दीत सुरू करू नका, यात्रा उलगडल्यावर करा.

घरच्या किराण्याची यादी करू नका, ना शीटमध्ये ना ॲपमध्ये. दुकानात माल हलतो तेव्हा पैसे हलतात, म्हणून नोंद होते. घरात फोडणीला दोन चमचे जिरं घेताना कुणी फोन उघडणार नाही. फडताळाच्या दाराला एक कागद लावा आणि डबा तळाला आला की त्याचं नाव लिहा. बिऱ्हाड मोठं असेल तर तांदूळ, ज्वारी आणि तेल ह्यांच्या आणल्याच्या तारखा तेवढ्या लिहून ठेवा, महिन्याला किती लागतं ते दोन-तीन फेऱ्यांत कळतं.

राहिले ते पांढऱ्या टॉवेलचे सहा नग. सासूबाईंची वही मागून घ्या आणि मागच्या पंधरा दिवसांत "परत" असं कुठं लिहिलंय का बघा. त्यांनी नक्की लिहिलं असेल, आणि कुणाच्या लग्नातले ते सुद्धा.